मास्लो, हर्झबर्ग की व्रूम? प्रसंग जुळवताना नेमकं कुठे चुकतं

सायली_बी
नमस्कार. प्रेरणेच्या सिद्धांतांवरचा एक सराव संच सोडवतेय. मास्लोच्या गरजांच्या पाच पायऱ्या, नाराजी टाळणाऱ्या हायजीन घटकांची आणि उत्साह वाढवणाऱ्या मोटिव्हेटर घटकांची अशा हर्झबर्गच्या दोन याद्या, व्रूमचं सूत्र, सगळं पाठ आहे. पण प्रसंग देऊन "हा कोणता सिद्धांत?" असं विचारलं की गडबड होते. पाचपैकी एकही पूर्ण बरोबर आला नाही. चौथ्यात सिद्धांत बरोबर, पण उपप्रश्न चुकला. पाचव्याचं उत्तर संचात छापलेलंच नाही. पर्याय सगळीकडे तेच: (अ) मास्लो, (ब) हर्झबर्ग, (क) व्रूम, (ड) यांपैकी नाही.

१. कापड कारखान्यात तक्रारींवरून पंखे बसवले, कॅन्टीन सुधारलं, पाळीच्या वेळा नीट केल्या. तक्रारी थांबल्या. सहा महिन्यांनी पाहिलं तर दरडोई उत्पादन होतं तेवढंच.

२. एका विक्री प्रतिनिधीची अपेक्षा होती की दिवाळीला बोनस चांगला मिळेल. मिळालाही. पण तेवढंच काम करणाऱ्या शेजारच्या विभागातल्या माणसाला त्याहून जास्त मिळाल्याचं कळलं. त्यानंतर त्याने काम कमी केलं.

३. कंत्राटी कामगाराला कायम केलं. आधी बोलावलं तरी तो कामगारांच्या क्रिकेट संघात, भजनी मंडळात यायचा नाही. आता स्वतःहून येतो.

४. कॉल सेंटरमधली कर्मचारी टार्गेट गाठू शकते हे तिला माहीत आहे. इन्सेंटिव्हची तिला गरजही आहे. पण गेल्या तीन तिमाहींत यादी साहेबांच्या मर्जीने ठरली. ती आता जोर लावत नाही. (उपप्रश्न: कोणता दुवा तुटला?)

५. एका इंजिनिअरला "महिन्याचा उत्तम कर्मचारी" म्हणून गौरवलं, फोटो फलकावर लावला. त्यानंतर तो जास्त जोमाने काम करू लागला.

माझी उत्तरं: १ मास्लो, २ व्रूम, ३ हर्झबर्ग, ४ व्रूम (दुवा: अपेक्षा), ५ मास्लो.

 

राजाभाऊ
सायली, एक सोपी युक्ती सांगतो. प्रसंगात कोणती वस्तू आलीय ते बघायचं. पगार, पंखा, कॅन्टीन, साहेब, नियम, नोकरीची शाश्वती आलं की हर्झबर्ग. मित्र, मान, स्वप्न आलं की मास्लो. टार्गेट, बोनस, इन्सेंटिव्ह आलं की व्रूम. या हिशेबाने पहिला हर्झबर्ग, दुसरा व्रूम, तिसरा हर्झबर्ग (नोकरीची शाश्वती हा हायजीन फॅक्टरच आहे), चौथा व्रूम, पाचवा मास्लो.

सायली_बी
राजाभाऊ, पहिला आणि चौथा उत्तरसूचीशी जुळतो. पण सूचीत दुसऱ्याचं उत्तर (ड) आहे आणि तिसऱ्याचं (अ). म्हणूनच तर डोकं चक्रावलंय.

कॉमर्सचे_सर
सायली, राजाभाऊंची युक्ती उत्तर छापलेल्या चारपैकी दोनदाच लागली, आणि तीही योगायोगाने. कारण वस्तूवरून सिद्धांत ओळखताच येत नाही. पगार तिन्ही सिद्धांतांत आहे, बढती तिन्हींत आहे. अगदी पंखासुद्धा तिन्हींत बसवता येतो. पहिल्याच प्रश्नावर करून दाखवतो.

कारखाना तोच, पंखे तेच. आता तीन वाक्यं वाच.

"पंखे बसल्यावर आणि कॅन्टीन सुधारल्यावर कामगारांनी त्याबद्दल बोलणं थांबवलं, आणि आता ते नोकरीत कायम करा म्हणून मागणी करतात."

"पंखे बसल्यावर तक्रारी थांबल्या, पण कामातला उत्साह वाढला नाही."

"आधी कामगार म्हणायचे, या उकाड्यात कितीही राबलं तरी पाळीचा आकडा गाठता येणार नाही. पंखे बसल्यावर त्यांना तो जमेल असं वाटू लागलं आणि त्यांनी जोर लावला."

पहिलं मास्लो, दुसरं हर्झबर्ग, तिसरं व्रूम. वस्तू एकच, मग बदललं काय? वाक्याचा उत्तरार्ध. मास्लोच्या वाक्यात एक गरज बऱ्यापैकी भागली की दुसरी, वरची गरज डोकं वर काढते. म्हणजे माणसाला *आता वेगळंच काहीतरी* हवं असतं. हर्झबर्गच्या वाक्यात दोन वेगळ्या मोजपट्ट्या असतात. एकीवर नाराजी कमी होते, दुसरीवर काहीच हलत नाही. व्रूमच्या वाक्यात माणूस पुढचा हिशेब करतो: जमेल का, जमलं तर मिळेल का, मिळालं तर मला त्याचं काय.

तुझ्या पहिल्या प्रश्नात कामगारांना पुढे काय हवं झालं याचा एक शब्दही नाही. नाराजी गेली, उत्पादन जागेवर, एवढंच आहे. म्हणून हर्झबर्ग. तू मास्लो लिहिलंस, कारण पंखा आणि जेवण दिसल्यावर तुला शारीरिक गरजा आठवल्या. तूही वस्तूच पाहिलीस.

तिसरा याच्या बरोबर उलट. तिथे नोकरी कायम झाल्याने नाराजी गेली असं कुठे म्हटलंय? म्हटलंय ते असं, की आधी ज्या गोष्टीत रस नव्हता तिच्यात आता रस आला. सुरक्षिततेची गरज मागे पडली, आपलेपणाची पुढे आली. हा सरळ मास्लो.

राजाभाऊ
सर, पटतंय, पण परीक्षेत एका प्रश्नाला मिनिटभर मिळतं. एवढा विचार कोण करणार?

कॉमर्सचे_सर
म्हणून आधी शेवटचं वाक्य वाचायचं, मग पहिलं. वस्तूंची यादी बहुधा पहिल्या वाक्यात असते आणि ती दिशाभूल करायलाच घातलेली असते. परिणाम शेवटच्या वाक्यात असतो. यात वेळ उलट वाचतो.

चिकित्सक
दुसऱ्या प्रश्नाबद्दल कोणी बोललं नाही. माझ्या मते तिथला सापळा मराठीचा आहे, सिद्धांताचा नाही. व्रूमच्या सिद्धांताला आपण "अपेक्षा सिद्धांत" म्हणतो. पण रोजच्या बोलण्यात अपेक्षा म्हणजे आपल्याला जे मिळावंसं वाटतं ते. "माझी त्याच्याकडून फार अपेक्षा होती", "अपेक्षाभंग झाला", असंच आपण बोलतो. व्रूमची अपेक्षा ती नव्हे. प्रयत्न केला तर काम जमण्याची शक्यता मला किती वाटते, तेवढाच तिचा अर्थ. तिच्यात इच्छा नाही, अंदाज आहे. इच्छा त्याच्या सूत्रात वेगळ्या जागी आहे.

प्रश्न काढणाऱ्याने "अपेक्षा होती" हे शब्द मुद्दाम घातलेत, आणि सायली त्याला भुलली. प्रसंगाचा जीव आहे तो तुलनेत: तेवढंच काम, दुसऱ्याला जास्त मोबदला, म्हणून माझं काम कमी. हा ॲडम्सचा समन्याय सिद्धांत झाला. तो पर्यायांत नाही, म्हणून (ड).

सायली_बी
अरे हो! आणि चौथ्यातही मी हेच केलं. तिला इन्सेंटिव्ह मिळण्याची अपेक्षा उरली नाही, म्हणून तुटलेला दुवा अपेक्षा, असं धरलं. सूचीत इन्स्ट्रुमेंटॅलिटी दिलंय.

चिकित्सक
अगदी तेच. तिथे प्रश्नातच सांगितलंय की टार्गेट गाठता येतं हे तिला माहीत आहे. म्हणजे प्रयत्नापासून कामगिरीपर्यंतचा दुवा, जो व्रूमची अपेक्षा, तो शाबूत आहे. इन्सेंटिव्हची गरज आहे, म्हणजे बक्षिसाचं मोलही शाबूत. तुटलाय तो कामगिरीपासून बक्षिसापर्यंतचा मधला दुवा. पाठ करायचंच असेल तर "अपेक्षा" हा शब्द सोडून दे आणि तीन प्रश्न पाठ कर: जमेल का? जमलं तर मिळेल का? मिळालं तर हवंय का?

"हायजीन"चं मराठी करतानाही असंच होतं. कुठे "आरोग्य घटक" छापतात, कुठे "स्वास्थ्य घटक". मग प्रश्नात कंपनीचा दवाखाना किंवा वैद्यकीय विमा आला की मुलं डोळे मिटून हर्झबर्ग निवडतात. दवाखाना हा हायजीन घटक आहे हे खरं, पण त्याचं कारण दवाखान्यात आरोग्य मिळतं हे नव्हे. हर्झबर्गने तो शब्द सार्वजनिक स्वच्छतेच्या अर्थाने उसना घेतला होता. गटारं साफ ठेवली की साथ पसरत नाही, पण त्यामुळे माणूस पहिलवान होत नाही.

बँकवाली_स्मिता
चर्चा छान चाललीय. माझाही एक प्रसंग सांगा कोणत्या पर्यायात बसतो. आमच्या शाखेत एक क्लार्क आहेत, कामात अतिशय हुशार. अधिकारीपदाची परीक्षा सहज पास होतील असं सगळे म्हणतात, त्यांनाही ते माहीत आहे. बढतीने पगार आणि मान दोन्ही वाढेल. तरी दरवर्षी फॉर्म भरत नाहीत. मला वाटतं मास्लो, कारण त्यांच्या सगळ्या गरजा भागल्यात, आता त्यांना काही नकोच आहे.

राजाभाऊ
स्मिताताई, बढती म्हणजे मोटिव्हेटर. तो चालला नाही, म्हणजे इथे हर्झबर्ग चुकला. उत्तर (ड).

शॉपफ्लोअर
मनुष्यबळ विभागात काम करतो म्हणून विचारतो. ताई, बढती घेतली की बदली होते का?

बँकवाली_स्मिता
हो, हमखास. बहुतेकांना दुसऱ्या जिल्ह्यात जावं लागतं. त्यांचे आईवडील घरी, मुलगी दहावीला.

शॉपफ्लोअर
मग हा व्रूमचा अगदी पुस्तकी प्रसंग आहे, आणि बँकेत नेहमी दिसणारा. "गरजा भागल्या" म्हणणं बरोबर नाही. त्यांना बढती हवीय, बदली नकोय. दोन्ही एकाच पाकिटातून येतात.

आकडे घालून बघू. आकडे मी नुसते समजायला घेतोय, कुठे मोजलेले नाहीत. परीक्षा जमेल याचा अंदाज ०.८. पास झाल्यावर बढती मिळण्याची शक्यता ०.६, आणि बढतीचं त्यांच्या लेखी मोल अधिक ०.९. गुणाकार झाला अधिक ०.५४. पण तीच बढती मिळाली की बदलीही येणार, म्हणून तिथेही शक्यता ०.६, आणि बदलीचं मोल उणे ०.७. गुणाकार उणे ०.४२. दोन्हींची बेरीज ०.१२. तिला परीक्षेच्या ०.८ ने गुणलं की ०.०९६ उरतं. म्हणजे जवळपास काहीच ओढ नाही. बदली नसती तर ०.५४ गुणिले ०.८, म्हणजे ०.४३२ झाली असती.

प्रश्नपत्रिकेत हे उणे मोल फार क्वचित विचारतात, पण विचारलं की बहुतेक मुलं चुकतात, कारण त्यांनी सूत्र फक्त तीन अधिक आकड्यांचा गुणाकार म्हणून पाठ केलेलं असतं. व्रूमकडे एका कामगिरीतून अनेक परिणाम निघतात. आधी प्रत्येकाचा वेगळा गुणाकार, मग बेरीज, आणि जमण्याचा अंदाज सगळ्यात शेवटी.

बँकवाली_स्मिता
म्हणजे बदली जवळच्या शाखेत होईल असं पत्र मिळालं तर ते फॉर्म भरतील?

शॉपफ्लोअर
सिद्धांत तेवढंच सांगतो, की ओढ वाढेल. भरतील की नाही ते त्यांच्या घरच्या परिस्थितीवर ठरेल. मोलाचा आकडा प्रत्येकाचा वेगळा असतो. एकट्या, तरुण माणसाला तीच बदली अधिकची वाटू शकते.

कॉमर्सचे_सर
उत्तम सोडवलंत. याच पद्धतीने सायलीचा चौथा प्रश्नही करून ठेवतो, कारण त्यावर पुढचा प्रश्न हमखास येतो: "व्यवस्थापनाने काय करावं?" पर्याय साधारण असे असतात: प्रशिक्षण द्यावं, इन्सेंटिव्हची रक्कम वाढवावी, यादीचे निकष जाहीर करावेत.

जमेल का, ०.९. मिळेल का, ०.२. हवंय का, ०.८. तिघांचा गुणाकार ०.१४४. प्रशिक्षणाने पहिला आकडा १ वर नेला तरी होतात ०.१६. रक्कम वाढवून तिसरा आकडा १ वर नेला तर ०.१८. पण निकष लेखी लावले, यादी सगळ्यांसमोर आली आणि मधला आकडा ०.७ झाला, तर ०.५०४. गुणाकारात सगळ्यात लहान आकडा हलवला की फरक पडतो. प्रसंगात तुटलेला दुवा सापडला की उपायाचं उत्तरही सापडतं. आणि मधला आकडा शून्य असेल तर रक्कम दुप्पट करा नाहीतर दसपट, उत्तर शून्यच.

राजाभाऊ
सर, माझा एक मुद्दा मात्र मी सोडणार नाही. पगार हा हर्झबर्गकडे नेहमी हायजीन असतो. "पगारवाढ मिळाल्यावर उत्साह वाढला" असं वाक्य आलं तर ते हर्झबर्गच्या विरोधात जातं, म्हणून तिथे हर्झबर्ग कधीच उत्तर नसणार. बरोबर ना?

शॉपफ्लोअर
अर्धं बरोबर. यादीत पगार हायजीनमध्ये आहे हे खरं. पण तो तिथे कसा गेला ते बघा. हर्झबर्ग आणि त्याच्या दोन सहकाऱ्यांनी पिट्सबर्ग भागातल्या सुमारे दोनशे इंजिनिअर आणि हिशेबनीसांना विचारलं: कामाबद्दल फार चांगलं वाटलं असा एक प्रसंग सांगा, फार वाईट वाटलं असा एक सांगा. १९५९ मध्ये ते पुस्तकरूपाने आलं. त्यात पगार चांगल्या प्रसंगांत आणि वाईट प्रसंगांत जवळपास सारखाच आला होता. तरी त्यांनी त्याला हायजीनमध्ये टाकलं, कारण वाईट प्रसंगांत पगार म्हणजे अन्याय होता आणि त्याची बोच बराच काळ टिकायची. चांगल्या प्रसंगांत तो बहुधा एकटा येत नसे. केलेल्या कामाची पावती म्हणून, दुसऱ्या कशाला चिकटून यायचा.

म्हणून वाक्य असं आलं, "अवघड प्रकल्प वेळेत संपवला म्हणून साहेबांनी सगळ्यांसमोर विशेष वेतनवाढ जाहीर केली", तर तिथे पगार दाद बनून आलाय. चांगला प्रश्न काढणारा अशा ठिकाणी उत्तर "मान्यता, म्हणजे मोटिव्हेटर" असं धरेल. घाईत काढलेल्या प्रश्नात मात्र पगार दिसला की हायजीन, असंच उत्तर असतं. सराव संच कोणत्या जातीचा आहे ते पाहून ठरवावं लागतं, हे मान्य करतो.

राजाभाऊ
म्हणजे परीक्षकाच्या मनात शिरायचं. हे काही पटत नाही.

कॉमर्सचे_सर
मलाही पटत नाही, पण पगाराच्या बाबतीत ते टळत नाही. बाकी घटकांत सुदैवाने असं होत नाही.

अजून एक जागा आहे जिथे मुलं सतत अडखळतात, ती सांगतो. "मास्लोच्या पायऱ्या आणि हर्झबर्गचे घटक जुळवा" असा प्रश्न येतो. खालच्या तीन पायऱ्या हायजीनशी आणि वरच्या दोन मोटिव्हेटरशी, असं सरसकट पाठ केलं जातं. चौथी पायरी, म्हणजे सन्मानाची, तशी जुळत नाही. ती मधून दुभंगते. कामाची दाद, जबाबदारी, काही साध्य केल्याची भावना या हर्झबर्गकडे मोटिव्हेटर आहेत. पण हुद्दा, वेगळी केबिन, कंपनीची गाडी ही प्रतिष्ठेची चिन्हं त्याच्याकडे हायजीन आहेत. मास्लोकडे दोन्ही एकाच पायरीवर उभे असतात.

तिसऱ्या पायरीचीही हीच गंमत. सहकाऱ्यांशी चांगले संबंध मास्लोकडे खरी गरज आहे, हर्झबर्गकडे ते नुसते नाराजी टाळणारे. म्हणून "सहकाऱ्यांशी संबंध" असा नुसता शब्द देऊन सिद्धांत विचारला असेल, तर तो प्रश्नच अपुरा आहे.

सुरक्षिततेच्या पायरीवर हेल्मेट आणि कायम नोकरी दोन्ही येतात. हर्झबर्गकडे हेल्मेट कामाच्या परिस्थितीत, कायम नोकरी शाश्वतीत. दोन्ही हायजीनच. इथे घोळ होत नाही.

चिकित्सक
तिसऱ्या प्रश्नाकडे परत येतो. मला (अ) मान्य आहे, पण अशा प्रश्नांना जोडून एक विधान नेहमी येतं: "मास्लोच्या मते खालची गरज पूर्ण भागल्याशिवाय वरची गरज निर्माण होत नाही. चूक की बरोबर?" नव्वद टक्के मार्गदर्शकांत बरोबर दिलंय.

मास्लोने असं म्हटलेलं नाही. १९४३ च्या मूळ लेखात त्याने ही समजूत स्वतःच खोडून काढलीय. समजण्यासाठी मनाने आकडेही घातलेत: सामान्य माणसाच्या शारीरिक गरजा समजा ८५ टक्के भागलेल्या असतात, सुरक्षिततेच्या ७०, प्रेमाच्या ५०, स्वाभिमानाच्या ४० आणि आत्मविकासाच्या १०. म्हणजे पाचही गरजा एकाच वेळी थोड्याथोड्या भागलेल्या आणि थोड्याथोड्या उपाशी. वरची गरज हळूहळू, अंशाअंशाने उगवते. त्या लेखात त्रिकोणी आकृतीही नाही. ती नंतर इतरांनी काढली, आणि तिच्यामुळेच एक मजला पुरा झाल्याशिवाय दुसरा चढत नाही असं चित्र डोक्यात बसलं.

राजाभाऊ
पण "नव्वद टक्के मार्गदर्शक" हा आकडा कुठून आणला?

चिकित्सक
बरोबर पकडलंत, तो मी बोलण्याच्या ओघात टाकला. "पाहिलेल्या बऱ्याच मार्गदर्शकांत" असं वाचा.

सायली_बी
मग परीक्षेत त्या विधानाला काय लिहू? चूक की बरोबर?

चिकित्सक
"पूर्ण" हा शब्द असेल तर मी चूक लिहीन. "बऱ्याच अंशी" असेल तर बरोबर.

कॉमर्सचे_सर
मी एवढ्या ठामपणे सांगणार नाही. मास्लोच्या दृष्टीने चिकित्सक बरोबर आहेत. पण पदवीच्या पेपरात उत्तरसूची बहुधा क्रमिक पुस्तकावर बेतलेली असते आणि तिथे ढोबळ रूपच दिलेलं असतं. सायली, तुमच्या पुस्तकातलं वाक्य जसंच्या तसं बघून घे. वर्णनात्मक उत्तर असेल तर मूळ मांडणी लिही, गुण जाणार नाहीत.

आणि तिसऱ्या प्रश्नाचा एक जुळा भाऊ आहे, त्यापासून सावध. "बढतीची वाट बंद झाल्यावर कर्मचारी सहकाऱ्यांच्या गप्पांत, सहलींत जास्त रमू लागला." इथेही शेवटी आपलेपणाचीच गरज दिसते, पण प्रवास वरून खाली आहे. वरची गरज अडली म्हणून माणूस खालच्या गरजेकडे वळला. ही आल्डरफरची मांडणी आहे. पर्यायांत तो असेल तर तोच. मास्लोचा प्रसंग भागल्यामुळे वर जाणारा असतो. अडल्यामुळे खाली येणारा प्रसंग त्याच्या खात्यावर टाकायचा नाही.

शॉपफ्लोअर
पाचवा प्रश्न उरलाच. माझं मत मास्लो. फलकावर फोटो लागला, चारचौघांत मान मिळाला, सन्मानाची गरज भागली.

कॉमर्सचे_सर
मी हर्झबर्ग म्हणेन. दाद मिळाली आणि कामातला जोम वाढला, हे मोटिव्हेटरचं वर्णन आहे. मास्लोच्या नजरेने पाहिलं तर भागलेली गरज प्रेरणा देत नाही. मान मिळून गरज भागली असेल, तर त्याने पुढे दुसरं काही मागायला हवं होतं. उलट तो त्याच कामात अधिक जोर लावतोय.

शॉपफ्लोअर
पण सर, एका फोटोने सन्मानाची गरज भागते असं कुठे आहे? आत्ताच चिकित्सकांनी सांगितलं की ती ४० टक्केच भागलेली असते. अजून भूक आहे म्हणूनच तो आणखी जोर लावतो. मास्लोच्या चौकटीत हे व्यवस्थित बसतं.

कॉमर्सचे_सर
हा मुद्दा खरा आहे. मला याचं तोडीस तोड उत्तर सुचत नाही. तरी "जोमाने काम" हा शेवट मला हर्झबर्गकडेच ओढतो.

चिकित्सक
म्हणजे दोन जाणकार दोन उत्तरं देतात. तेव्हा प्रश्नच सदोष आहे. त्यात एक वाक्य वाढवलं तर सुटतो. "पगार आणि सोयी पूर्वीच चांगल्या होत्या, पण त्याने त्याचा उत्साह वाढला नव्हता" हे जोडलं तर हर्झबर्ग. "मित्रपरिवार जमल्यापासून त्याला आपलं नाव व्हावं असं वाटू लागलं होतं" हे जोडलं तर मास्लो.

शॉपफ्लोअर
आणि व्रूमही होतो. कारखान्यात हा मान बऱ्याचदा पाळीपाळीने देतात, कोणी नाराज होऊ नये म्हणून. दोनतीन महिन्यांत सगळ्यांना कळतं की या महिन्यात याचा नंबर, पुढच्या महिन्यात त्याचा. मग काम कसंही केलं तरी फोटो लागणारच, नाहीतर लागणारच नाही. मधला दुवा शून्यावर येतो. "योजना सुरू झाली तेव्हा जोम होता, सहा महिन्यांत ओसरला, कारण नंबर कोणाचा हे आधीच ठरलेलं असे", असा प्रसंग आला तर बेधडक (क).

सायली_बी
सर्वांचे आभार. आता मी स्वतः एक प्रसंग तयार केलाय, तपासून द्या: "वरिष्ठ लिपिकाला स्वतंत्र केबिन दिली. इतरांपेक्षा लहान टेबल असल्याची त्याची कुरकुर संपली. फायलींचा निपटारा मात्र पूर्वीइतकाच राहिला." उत्तर हर्झबर्ग, केबिन म्हणजे प्रतिष्ठा, म्हणजे हायजीन.

कॉमर्सचे_सर
उत्तर बरोबर आणि शेवटचं वाक्य अचूक. पण "इतरांपेक्षा" हा शब्द काढ. तो ठेवलास तर कोणीतरी तुलना पकडून ॲडम्स म्हणेल, आणि त्याला चूक ठरवणं जड जाईल. "टेबल लहान असल्याची कुरकुर" एवढं पुरे.

राजाभाऊ
मी शेवटचं वाक्य झाकून वाचलं तर मास्लो म्हणालो असतो, मान म्हणून. उघडून वाचलं तर हर्झबर्ग. सर, युक्ती लागू पडली. पगाराचं मात्र अजून पटलेलं नाही.

सायली_बी
"इतरांपेक्षा" काढलं. पाचव्या प्रश्नाबद्दल संच काढणाऱ्या सरांना चिकित्सकांची दोन्ही वाक्यं पाठवतेय. उत्तर आलं की इथे टाकते.